बीजगणितातील अक्षर : अज्ञात संख्या आणि बदलती राशी

बीजगणिताच्या आरंभीच्या पाठांत विद्यार्थ्याला थोड्याच अंतराने दोन विधाने भेटतात. पहिले विधान असे की, क्ष हे ‘चल’ आहे, म्हणजे त्याची किंमत बदलू शकते. दुसरे विधान हे पहिल्या उदाहरणाचे उत्तर असते : २क्ष + ५ = १७, म्हणून क्ष = ६. विचारी विद्यार्थ्याच्या मनात येथेच शंका उभी राहते. क्षची किंमत जर ६ आहे आणि ६ शिवाय दुसरी कोणतीही असू शकत नाही, तर बदलते ते काय? ही शंका बहुधा बोलून दाखविली जात नाही. विद्यार्थी चिन्हे इकडून तिकडे नेण्याचे नियम पाठ करतो, उत्तरे बरोबर आणतो आणि पुढे दोन-तीन वर्षांनी आलेखांचा अभ्यास सुरू झाला की अडखळतो. कारण तेथे तेच अक्षर खरोखरच बदलू लागते आणि त्याची ‘किंमत काढा’ असे कोणी म्हणत नाही.

अक्षराच्या या दोन्ही भूमिका खऱ्या आहेत. अक्षर पाहून त्याची भूमिका कळत नाही. ती कळते त्याच्याविषयी विचारलेल्या प्रश्नावरून. आणि दोन्ही भूमिका एकमेकींना छेद देत नाहीत, तर एक दुसरीच्या पोटात असते. हे विद्यार्थ्याला कसे दाखविता येईल, याचा विचार येथे केला आहे.

दोन भूमिकांचा पूर्वेतिहास

या दोन कल्पना गणितात एकाच वेळी जन्माला आल्या नाहीत. अज्ञात संख्येची कल्पना फार जुनी आहे. भारतीय गणितज्ञांनी तिला ‘अव्यक्त’ असे नाव दिले. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात (इ. स. ११५०) पहिल्या अव्यक्ताला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, असे म्हटले आहे. एकाहून अधिक अव्यक्ते असतील तेव्हा कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे योजली जात आणि लिहिताना या, का, नी अशी आद्याक्षरे वापरली जात. अव्यक्त म्हणजे झाकलेली संख्या. ती ठरलेली असते, मात्र आपणांस दिसत नसते. गणित करणे म्हणजे तिच्यावरचे झाकण दूर करणे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९१ साली, फ्रान्समधील व्हिएत याने एक नवी गोष्ट केली. अज्ञात राशींना तर त्याने अक्षरे दिलीच, पण ज्या राशी दिलेल्या आहेत त्यांनाही अक्षरे दिली. अज्ञातांसाठी स्वर आणि ज्ञातांसाठी व्यंजने अशी त्याची वाटणी होती. त्यामुळे एका उदाहरणाऐवजी उदाहरणांचा सबंध वर्गच एका ओळीत लिहिता येऊ लागला. त्यानंतर १६३७ साली देकार्तने भूमितीवरील आपल्या ग्रंथात दोन अज्ञातांचे एकच समीकरण घेतले. अशा समीकरणाला एकच एक उत्तर नसते. एका अक्षराला एकामागून एक किमती देत जावे, प्रत्येक वेळी दुसऱ्याची किंमत काढावी, आणि अशा रीतीने मिळालेल्या बिंदूंतून वक्ररेषा उमटते. झाकलेली संख्या येथे चालू लागली. गणिताला हे पाऊल उचलण्यास शतके लागली. शाळेतील विद्यार्थ्याने ते दोन पाठांच्या मधल्या सुट्टीत उचलावे, अशी अपेक्षा मात्र पुष्कळदा केली जाते.

मराठी वाचकाला क्ष या अक्षराची पहिली ओळख बहुधा ‘अज्ञात’ म्हणूनच असते. राँटगेन याला १८९५ साली सापडलेल्या किरणांचे स्वरूप कळलेले नव्हते, म्हणून त्याने त्यांना अज्ञाताचे अक्षर दिले आणि मराठीत ते क्ष-किरण झाले. ‘क्ष व्यक्ती’ असे आपण म्हणतो तेव्हाही कोणी एक, पण नाव न कळलेली, असाच अर्थ असतो. या सवयीमुळे चल ही कल्पना अधिकच परकी वाटते.

एक साधा प्रश्न

इंग्लंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या गणितविषयक समजुतींचा विस्तृत अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील बीजगणिताचा भाग कुशमान या अभ्यासकाने हाताळला होता. त्याने विचारलेला एक प्रश्न असा होता : एखाद्या संख्येची दुप्पट मोठी, की त्याच संख्येत २ मिळवून येणारी संख्या मोठी? क्ष हे अक्षर घेतले तर, २क्ष मोठे की क्ष + २ मोठे?

यावर पुष्कळ विद्यार्थी दुप्पट मोठी असे उत्तर देतात, आणि कारण विचारले असता गुणाकाराने संख्या अधिक वाढते असे सांगतात. काही जण क्षच्या जागी ५ घेतात, १० आणि ७ यांची तुलना करतात आणि प्रश्न सुटला असे मानतात. अक्षराच्या जागी एक संख्या ठेवली की काम झाले, हा ‘अज्ञात’ कल्पनेचाच परिणाम होय. अक्षर म्हणजे कोणती तरी एक संख्या. मग पाच का नसावी?

क्ष बदलू दिला की चित्र पालटते. क्ष = ० असताना दुप्पट ० आणि बेरीज २; क्ष = १ असताना २ आणि ३; क्ष = २ असताना ४ आणि ४; क्ष = ३ असताना ६ आणि ५. म्हणजे २ पर्यंत बेरीज पुढे असते, २ वर दोन्ही समान होतात आणि त्यानंतर दुप्पट पुढे जाते. म्हणून प्रश्नाचे उत्तर ‘ही मोठी’ किंवा ‘ती मोठी’ असे नसून ‘क्ष २ हून मोठा असेल तर ही, लहान असेल तर ती’ असे आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, २क्ष = क्ष + २ हे समीकरण सोडविले असता क्ष = २ हेच उत्तर येते. बदलत्या राशीच्या प्रवासात जो एक क्षण विशेष महत्त्वाचा आहे, तोच समीकरणातील अज्ञात होय. या एका वाक्यात सबंध विषयाचे सार आहे. परंतु ते सांगून पटत नाही. विद्यार्थ्याने ते एखाद्या उदाहरणात घडताना पाहावे लागते.

दोन टाक्यांचे उदाहरण

एका शेतावर पाण्याच्या दोन टाक्या आहेत. पहिलीत आरंभी २०० लिटर पाणी असून तीत दर मिनिटास १५ लिटर पाणी येत आहे. दुसरीत ९०० लिटर पाणी असून तीतून दर मिनिटास २० लिटर पाणी बाहेर जात आहे. दोन्ही नळ एकाच क्षणी सुरू केले. पहिल्या टाकीत जास्तीत जास्त ८०० लिटर पाणी मावते.

नेहमीच्या पद्धतीने ‘दोन्ही टाक्यांतील पाणी केव्हा सारखे होईल?’ असा प्रश्न लगेच विचारला जातो आणि ‘समजा, क्ष मिनिटांनी’ असे म्हणून समीकरण मांडले जाते. त्यात क्ष जन्मतःच अज्ञात होतो. याऐवजी तो प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा आणि आधी पहिल्या टाकीतील पाणी निरनिराळ्या वेळी किती असेल एवढेच विचारावे. उत्तर पूर्ण न काढता केवळ मांडणी लिहावयास सांगावी : ६ मिनिटांनी २०० + १५ × ६, १२ मिनिटांनी २०० + १५ × १२, १८ मिनिटांनी २०० + १५ × १८. या ओळी एकाखाली एक आल्या की कोणते आकडे जागचे हलत नाहीत आणि कोणती जागा बदलते हे विद्यार्थी स्वतःच सांगतो. बदलणाऱ्या जागेला क्ष हे नाव द्यावे. आता पहिल्या टाकीतील पाणी २०० + १५क्ष आणि दुसऱ्या टाकीतील ९०० − २०क्ष. अजून कोणतेही समीकरण नाही आणि काहीही शोधावयाचे नाही. क्ष म्हणजे घड्याळात सरकत जाणारी मिनिटे.

त्यानंतर कोष्टक तयार करावे :

| मिनिटे (क्ष) | पहिली टाकी | दुसरी टाकी | दोहोंतील अंतर |
|---|---|---|---|
| ० | २०० | ९०० | ७०० |
| ६ | २९० | ७८० | ४९० |
| १२ | ३८० | ६६० | २८० |
| १८ | ४७० | ५४० | ७० |
| २४ | ५६० | ४२० | −१४० |

सहा-सहा मिनिटांचे अंतर येथे मुद्दाम घेतले आहे. पाच-पाच मिनिटे घेतली असती तर समान होण्याचा क्षण कोष्टकातच सापडला असता आणि समीकरणाचे कारणच उरले नसते. येथे तो क्षण १८ आणि २४ यांच्या मध्ये कोठे तरी आहे एवढेच दिसते. बदलत्या राशीच्या मार्गावर तो आहे हे निश्चित, पण कोठे हे अज्ञात. ‘अज्ञात’ या शब्दाला आता अर्थ आला. या टप्प्यावर २०० + १५क्ष = ९०० − २०क्ष असे लिहावे. हे समीकरण क्षला थांबवीत नाही. ते विचारते की, क्ष सरकत असताना हे विधान कोणत्या क्षणी खरे ठरते? क्ष = ६ असताना २९० = ७८० हे विधान खोटे आहे. क्ष = १८ असतानाही ते खोटेच आहे. ज्या क्षणी ते खरे होते तो क्षण म्हणजे समीकरणाची उकल.

उकल काढण्याची रीत नेहमीचीच आहे. दोन्ही बाजूंत २०क्ष मिळविले आणि दोन्ही बाजूंतून २०० वजा केले की ३५क्ष = ७०० उरते आणि क्ष = २० मिळते. परंतु या मधल्या ओळीचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ७०० हे आरंभीचे अंतर आहे. एका टाकीत दर मिनिटास १५ लिटर येतात, दुसरीतून २० जातात, म्हणून अंतर दर मिनिटास ३५ लिटरने मिटते. ३५क्ष म्हणजे क्ष मिनिटांत मिटलेले अंतर. ते ७०० झाले की दोन्ही टाक्या समान. कोष्टकातील शेवटचा स्तंभ हेच सांगतो : सहा मिनिटांत अंतर २१० ने कमी होते, आणि १८ मिनिटांनी उरलेले ७० लिटर मिटावयास आणखी २ मिनिटे लागतात. जी ओळ केवळ चिन्हांची उलथापालथ वाटत होती, तिच्यातही बदल दडलेला आहे हे विद्यार्थ्याला दिसते.

आलेखावर हीच गोष्ट एका दृष्टिक्षेपात येते. आडव्या अक्षावर मिनिटे, उभ्या अक्षावर लिटर घेतले असता एक रेषा चढते, एक उतरते आणि २० मिनिटे व ५०० लिटर या बिंदूवर त्या एकमेकींना छेदतात. आडव्या अक्षावर बोट डावीकडून उजवीकडे नेणे म्हणजे क्षला चल मानणे. छेदनबिंदूच्या खाली बोट थांबविणे म्हणजे त्याला अज्ञात मानणे. बोट तेच आणि अक्षही तोच.

अक्षराला मर्यादा असतात

क्ष बदलतो म्हणजे तो हवी ती किंमत घेतो असे नव्हे. पहिल्या टाकीत ११०० लिटर पाणी केव्हा होईल असे विचारले, तर २०० + १५क्ष = ११०० या समीकरणातून क्ष = ६० येते. हिशेबात चूक नाही. मात्र टाकीत ८०० लिटरच मावतात आणि ती ४० व्या मिनिटालाच भरून वाहू लागलेली असते. तसेच ५० लिटर पाणी केव्हा होते असे विचारले तर क्ष = −१० येते; त्या वेळी नळ सुरूच झालेला नव्हता. २०० + १५क्ष हा नियम ० पासून ४० पर्यंतच लागू आहे. अक्षराला केवळ अज्ञात मानणारा विद्यार्थी ६० हे उत्तर लिहून मोकळा होतो. अक्षराला एका मर्यादेत बदलणारी राशी मानणारा विद्यार्थी आलेली किंमत त्या मर्यादेत बसते की नाही हे पाहतो. त्याच मर्यादेत १८ मिनिटेच नव्हे तर साडेअठरा मिनिटेही येतात, हेही येथे सांगावे. कारण कोष्टके पाहून पाहून अक्षर नेहमी पूर्णांकच असते अशी समजूत होते. क्ष म्हणजे माणसांची संख्या असती तर मात्र अपूर्णांक चालले नसते.

भूमिका पालटते तेव्हा

आता उदाहरण तेच ठेवून प्रश्न बदलावा. दोन्ही टाक्या बरोबर १४ मिनिटांनी समान व्हाव्यात असे वाटत असेल, तर पहिल्या टाकीचा नळ किती वेगाने सोडावा? या वेगाला र म्हणावे. १४ मिनिटांनी दुसऱ्या टाकीत ९०० − २८० = ६२० लिटर असतील. म्हणून २०० + १४र = ६२०, आणि र = ३०. मघाशी वेळ अज्ञात होती आणि वेग ठाऊक होता. आता वेळ ठाऊक आहे आणि वेग अज्ञात. ‘अज्ञातपणा’ हा वेळेचा किंवा वेगाचा गुणधर्म नव्हे. तो प्रश्नाने दिलेला असतो.

येथून आणखी एक पाऊल टाकता येते. वेग कितीही असो, त्याला र एवढेच म्हणावे आणि समान होण्याची वेळ काढावी. दर मिनिटास मिटणारे अंतर र + २०, म्हणून क्ष = ७०० ÷ (र + २०). र = १५ घेतल्यास २० मिनिटे, र = ३० घेतल्यास १४, र = ५० घेतल्यास १०. नळ बंदच ठेवला, म्हणजे र = ०, तर ३५ मिनिटे. जो क्ष मघाशी शोधून काढलेली एकच संख्या होता, तोच आता रच्या पाठोपाठ बदलू लागला. उकलसुद्धा चल होऊ शकते, हे पाहिलेल्या विद्यार्थ्याची सुरुवातीची शंका बहुतेक फिटते. ज्ञात राशींनाही अक्षरे देण्यात व्हिएतने जे साधले, ते हेच होते.

समज कशी तपासावी

उत्तर बरोबर आले म्हणून समज बरोबर आहे असे धरता येत नाही; २क्ष + ५ = १७ हे उदाहरण दोन्ही प्रकारचे विद्यार्थी सोडवितात. त्यामुळे तपासणीचे प्रश्न निराळे असावे लागतात. पुढील तीन समीकरणे देऊन ‘क्षच्या किती किमतींना हे खरे आहे?’ एवढेच विचारावे :

क्ष + ३ = १०

क्ष + ३ = क्ष + ५

२(क्ष + ३) = २क्ष + ६

पहिले एकाच किमतीला खरे आहे, दुसरे कोणत्याही किमतीला नाही आणि तिसरे सर्व किमतींना. अक्षर म्हणजे झाकलेली एक संख्या असे मानणारा विद्यार्थी दुसऱ्या समीकरणाशी झगडत राहतो, कारण त्याच्या मते झाकणाखाली काही तरी असलेच पाहिजे. तिसऱ्यात तो क्ष नाहीसा झालेला पाहून आपली चूक झाली असे समजतो. अक्षर बदलू देणारा विद्यार्थी दुसऱ्याविषयी म्हणतो की, क्ष कोठेही गेला तरी उजवी बाजू २ ने पुढेच राहणार.

उलट बाजूची चूकही आढळते. अक्षर बदलते एवढेच लक्षात राहिलेला विद्यार्थी क्ष + क्ष = १२ मध्ये एका क्षला ५ आणि दुसऱ्याला ७ मानतो. त्याला असे दाखवावे की, दोन्ही टाक्यांच्या हिशेबातील क्ष हे एकाच घड्याळाचे वाचन आहे. एका टाकीत सहावे मिनिट आणि दुसरीत बारावे असे एकाच वेळी होत नाही. अक्षर बदलते तेव्हा त्या उदाहरणात ते जेथे जेथे आहे तेथे तेथे एकदमच बदलते. याच्याच जोडीची दुसरी समजूत अशी की, अक्षरे वेगळी असली म्हणजे संख्याही वेगळ्याच असल्या पाहिजेत. अ + ब = अ + क हे कधी खरे असते, असे विचारले की ती उघड होते. पुष्कळ जण ‘कधीच नाही’ म्हणतात. वस्तुतः ब आणि क यांच्या किमती सारख्या येतील तेव्हा ते खरे असते. दोन टाक्यांतील पाण्याला दोन निराळी अक्षरे दिली, तरी विसाव्या मिनिटाला दोन्ही अक्षरांची किंमत ५०० च असते. त्या आधी आणि त्या नंतर मात्र ती निरनिराळी असते.